एकाच सुताचे आठ कपडे
(प्रस्तावना)

फॅशनच्या शेवटच्या वर्षाची कामं तपासायला बसलं की भिंतीवर मूडबोर्ड आणि त्याखाली हँगरवर टांगलेले कपडे अशी मांडणी समोर येते. बोर्ड बहुतेक वेळा देखणा असतो. कपडेही एकेकटे पाहिले तर नेटके असतात. पण नजर बोर्डावरून कपड्यांवर उतरवली की दोहोंत काही नातं सापडत नाही. बोर्डावर दगडी भिंतीचा फोटो असतो आणि खालच्या कुर्त्यावर तोच फोटो छापलेला असतो. बोर्डावर जाळं असतं आणि जाकिटाच्या पाठीला जाळीचा तुकडा शिवलेला असतो. एका पोशाखाला रेशीम, दुसऱ्याला लिनन, तिसऱ्याला डेनिम. रंग मात्र बोर्डावरून अगदी प्रामाणिकपणे उचललेले, म्हणून विद्यार्थ्याला वाटतं की संग्रह एकसंध झाला. चित्रातून कपड्यापर्यंत जायचा जो मधला रस्ता आहे, तो कुणी नीट दाखवलेलाच नसतो. हे पुस्तक तो रस्ता दाखवतं, आणि त्यासाठी एकच छोटा संग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात घेतं. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. कॅप्सूल हा शब्द कपड्यांच्या संदर्भात रूढ केला तो सूझी फॉ यांनी. 1970च्या दशकात लंडनमध्ये त्यांचं ‘वॉर्डरोब’ नावाचं दुकान होतं. एकमेकांशी जुळणारे, टिकाऊ, मोजके कपडे घ्या आणि त्यांतच हंगामाप्रमाणे थोडी भर घाला, असं त्या आपल्या गिऱ्हाइकांना सांगत. 1985मध्ये न्यूयॉर्कला डॉना कॅरन यांनी हीच कल्पना संपूर्ण संग्रहाच्या रूपात मांडली. अंगाला बसणारा एक बॉडीसूट आणि त्यावर चढवत जायचे मोजके तुकडे, असा तो सात वस्तूंचा संच होता. त्याच्याही आधी, 1930च्या दशकात, अमेरिकेतल्या क्लेअर मकार्डेल यांनी प्रवासात एकमेकांवर घालता येतील असे सुटे लोकरी जर्सीचे कपडे केले होते. या सगळ्यांचा प्रश्न एकच होता : कपाटात काय असलं म्हणजे बाई रोज सकाळी निश्चिंतपणे बाहेर पडेल? या पहिल्या परंपरेत गरज आधी येते आणि कल्पनाचित्र नंतर. पुढे धंद्यात या शब्दाचा दुसराही अर्थ रुळला. 2004मध्ये कार्ल लागरफेल्ड यांनी एचअँडएमसाठी केलेल्या संग्रहासारखा, मर्यादित नगांचा आणि एकदाच बाजारात येणारा छोटा संग्रह. या पुस्तकाला दोन्ही अर्थ लागू पडतात. इथला संग्रह छोटा आहे आणि त्यातला प्रत्येक कपडा दुसऱ्या कपड्याबरोबर घालता येतो.

दुसरी परंपरा घाटाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये क्रिस्तियां दिऑर आपल्या संग्रहांना आकृतीवरून नावं देऊ लागले. 1954ची एच रेषा आणि 1955ची ए रेषा ही त्यांतली प्रसिद्ध नावं. पन्नास वेगवेगळे पोशाख दुरून पाहिले तरी त्यांची सावली एकच दिसावी, हा त्यामागचा हट्ट. सिल्हूट म्हणजे ही सावली. संग्रहाची ओळख रंगाच्या आधी तिच्यावरून पटते.

तिसरी परंपरा कापडापासून निघते, आणि मला स्वतःला ती सर्वांत जवळची वाटते. मादलेन व्हियोने अर्ध्या मापाच्या लाकडी बाहुलीवर कापड उरेब धरून ते कसं पडतं ते पाहत आणि त्या पडण्यातून कपडा शोधत. इस्सी मियाके यांनी 1993मध्ये सुरू केलेल्या ‘प्लीट्स प्लीज’मध्ये कपडा आधी मोठ्या मापात शिवला जातो आणि मग चुण्यांच्या यंत्रातून काढला जातो. तिथे आकार, कापड आणि चुणी वेगळी करताच येत नाहीत. टोरोंटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममधल्या डोरोथी बर्नहॅम यांनी 1973मध्ये ‘कट माय कोट’ ही छोटीशी पुस्तिका लिहिली. जगभरचे जुने सदरे आणि अंगरखे मांडून त्यांनी दाखवलं की कपड्याचा बेत बऱ्याच अंशी मागाच्या पन्ह्याने ठरवलेला असतो. अरुंद मागावरचं कापड वाया घालवणं कुणालाच परवडत नसे, म्हणून आयत, त्रिकोणी कळी आणि काखेतला चौबगला यांतूनच सगळे कपडे उभे राहिले. आपली बाराबंदी आणि अंगरखा याच कुळातले.

आपल्याकडे या तिन्ही परंपरा एका माणसाच्या कामात भेटतात, असं मला गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांच्याबद्दल वाटतं. पांढऱ्याशी निष्ठा, सरळ कापणी, उष्ण आणि दमट हवेत अंगाला न चिकटणारं कापड आणि पुढे कुणबी साडीला पुन्हा उभं करण्याचा ध्यास. त्यांचे कपडे पाहताना बोर्डावर काय असेल हे विचारावं लागत नसे. कोलवाळचं त्यांचं घर आणि तिथली हवा कपड्यांत उतरलेली असे, आणि तीही माडाचं चित्र न छापता. 2020मध्ये ते गेले. या पुस्तकाची लेखिका त्याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्याच्या सड्यावर आपला विषय शोधते.

तिचा बोर्ड जांभ्याचा आहे. घराचे चिरे, चुन्याचे सांधे, पावसाळ्यानंतर भिंतीवर काळं पडलेलं शेवाळ, सड्यावरची कातळशिल्पं, छोटी चौकोनी खिडकी. सुरुवातीला जमवलेल्या ढिगात समुद्र होता, होडीचा निळा-हिरवा रंग होता, आंब्याचा मोहोर होता, कौलं होती. शेवटच्या बोर्डावर अकरा गोष्टी उरल्या आणि त्यांतल्या चार फोटो नव्हत्याच. दगडाचा एक तुकडा, चुन्याचा खपला, सुतळी आणि धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचा कोपरा, अशा त्या चार वस्तू. हाताला लागणाऱ्या या वस्तूंमुळे बोर्ड कपड्याच्या जवळ येतो, कारण फोटोला पोत नसतो आणि वजनही नसतं. समुद्र का गेला, याचं लेखिकेने दिलेलं कारण मला फार पटलं. निळ्यासाठी नीळ लागते. निळीचं पिंप, तिचं आंबवणं आणि हवेत उघडणं ही पूर्ण वेगळी प्रक्रिया आहे. तिच्याकडे जागा, वेळ आणि पैसा एकाच रंगघराचा होता. बोर्डावर काय ठेवायचं हे बोर्डाच्या सौंदर्यावरून ठरवलं असतं तर समुद्र राहिला असता. कपडे कसे बनणार आहेत यावरून ठरवलं, म्हणून तो गेला.

इथून रंगसंचाचा विचार सुरू होतो आणि या पुस्तकाचा गाभाही इथेच आहे. रंग पडद्यावरून किंवा छापील चित्रातून टिपायचा आणि मग तसं कापड बाजारात शोधायचं, ही नेहमीची पद्धत. त्यात पाच रंग पाच गिरण्यांमधून येतात, आणि चित्रात शेजारी शोभणारे रंग कापडात परके दिसतात. लेखिका उलटी जाते. ती विचारते, एकाच सुती कापडावर मोजक्या द्रव्यांनी कोणकोणते रंग निघतील? उत्तर आपल्या छपाईच्या जुन्या परंपरेत आहे. हरड्यात भिजवलेल्या कापडावर तुरटी लावून मंजिष्ठा चढवली की लाल येतो. तुरटीऐवजी हिराकस लावला की हरड्याशी त्याचा संयोग होऊन राखाडी ते काळा येतो. तुरटीबरोबर हिराकसाचा थोडा अंश ठेवून मंजिष्ठा चढवली की तपकिरीकडे झुकणारा मरून येतो. नुसता हरडा बिस्किटासारखा फिका पिवळट रंग देतो, आणि काहीच लावलं नाही तर खळ काढून धुतलेला कोरा पांढरा उरतोच. असे पाच रंग झाले, आणि पाचही एका घरातले. अजरखच्या ठशांमधला लाल-काळा जोड याच तुरटी आणि लोहावर उभा आहे. शेजारी ठेवलेले हे रंग भांडत नाहीत याचं कारण रंगचक्रात शोधायला नको. कोरा सोडला तर बाकी सगळ्यांच्या बुडाशी तोच हरडा आहे.

जांभ्याच्या दगडाला लाली येते ती त्यातल्या लोहामुळे. कापडावर मात्र तेच लोह लालीचा नाश करतं. म्हणून लेखिका भांड्यांबद्दल इतकी काटेकोर आहे. लाल रंगाचं पातेलं स्टीलचं किंवा कल्हई केलेल्या तांब्याचं हवं. हिराकसात बुडालेली काठी तुरटीच्या बादलीत गेली तरी पुढचा सगळा लाल मळकट होतो. पाण्यातलं लोहही तसंच. कच्छमध्ये 2001च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं, छपाई बिघडू लागली आणि अनेक खत्री कुटुंबांनी दुसरीकडे जाऊन अजरखपूर वसवलं. रंगसंच कागदावर ठरवणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं की विहीर बदलली तर त्याचा लाल बदलेल.

प्रमाणांचं गणित पुस्तकात सावकाश उलगडलं आहे, त्याचा इथे एकच नमुना देतो. या पद्धतीत सगळी द्रव्यं कापडाच्या कोरड्या वजनावर मोजतात. चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचं कापड 91 सेंटीमीटर पन्ह्याचं असेल, तर मीटरभर कापड सुमारे 109 ग्रॅम भरतं, म्हणजे किलोला नऊ मीटर. हिराकस शेकडा दोनच्या आसपास, म्हणजे या नऊ मीटरला 20 ग्रॅम. राखाडी हवा तितका गडद झाला नाही म्हणून मूठभर आणखी टाकण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. जास्त लोहाने सूत कमकुवत होतं. हे लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी विजारीच्या गुडघ्यावर किंवा शिवणीलगत कापड फाटू लागतं, आणि दोष शिंप्याला दिला जातो. गडदपणा हवा असेल तर हरडा आणि हिराकस यांची हलकी फेरी दुसऱ्यांदा द्यावी, दरवेळी स्वच्छ धुवावं आणि रंगवलेली पट्टी दोन्ही हातांनी ताणून पाहावी.

रंगांचं आपसातलं प्रमाण लेखिका सूत गुंडाळून ठरवते. पुठ्ठ्याच्या अरुंद पट्टीवर रंगवलेलं सूत शेजारी शेजारी गुंडाळायचं : कोरा सर्वांत रुंद, मग राखाडी, मग हरड्याचा फिका, मरून, आणि लाल अगदी बोटभर. पट्टी हातभर अंतरावर धरली की संग्रह कसा दिसेल याचा अंदाज येतो. मग तिचा काळा-पांढरा फोटो काढायचा. ही साधी चाचणी मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना करायला लावतो. या पट्टीच्या फोटोत लाल आणि मरून यांची राखाडी छटा जवळजवळ सारखीच निघाली. याचा अर्थ मरून स्कर्टवर लाल पोलकं घातलं तर संध्याकाळच्या उजेडात दोन्ही मिळून एकच गोळा दिसणार. उपाय दोन होते, मरून फिका करणं किंवा गडद करणं. लेखिकेने हिराकसाचा अंश किंचित वाढवून मरून गडद केला, पण तो कापड सोसेल त्या मर्यादेतच, आणि मग काळ्या-पांढऱ्या फोटोत दोन्ही वेगळे झाले. पट्टी दिवसा खिडकीपाशी आणि रात्री ट्यूबलाइटखाली अशी दोनदा पाहायला हवी. उजेड बदलला की काही जोड्या फुटतात.

कापडाच्या बाबतीत तिचा नियम कडक आहे. धागा फक्त सुती. रेशीम ती घेत नाही, कारण त्याच पातेल्यात रेशमावर लाल वेगळा चढतो आणि मग रंगसंचाची सगळी जुळणी मोडते. सुतातच तीन वजनं घ्यायची : कुर्त्यांना साधारण 120 ग्रॅमचं, विजार-स्कर्टला 200च्या आसपासचं, जाकिटाला त्याहून थोडं जाड; शिवाय ओढणीपुरती मलमल. विणीत फरक, वजनात फरक, पण जात एकच. संग्रहाच्या कापडाची गोष्ट म्हणतात ती हीच. हात फिरवला की प्रत्येक कपडा दुसऱ्याचा भाऊ लागला पाहिजे. मराठी विषय आहे म्हणून प्रत्येक कपड्याला खणाची पट्टी लावायची, हा सध्याचा सोपा मार्ग तिने टाळला आहे. खण ही स्वतःची मांडणी असलेली, भरदार आणि गडद वस्तू आहे. जांभ्याच्या खडबडीत भिंतीशी तिचं इथे काही नातं नाही. तिच्यासाठी वेगळा बोर्ड हवा.

हातमागाचं कापड घेतलं की आटण्याचा हिशेब आलाच. पन्नास सेंटीमीटरचा चौकोन खुणा करून कापायचा, खळ काढताना उकळायचं तसाच उकळायचा, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजायचा. पन्नासाचे सत्तेचाळीस भरले तर शेकडा सहा आटलं, म्हणजे अडीच मीटरचा तुकडा दोन मीटर पस्तीस सेंटीमीटरवर आला. उभा आणि आडवा धागा सारखे आटत नाहीत, म्हणून दोन्हीकडून मोजावं. हे न करता बेतलेला कुडता पहिल्या धुण्यातच वर चढतो आणि साऱ्या संग्रहाची लांबी बिघडते.

लांबीचा मुद्दा घाटापाशी नेतो. जांभ्याच्या भिंतीवरून घाट कसा उचलायचा? भिंतीचं चित्र छापून नव्हे, तिच्या रेषा पाहून. चिरे आडवे, कोपरे काटकोनात, भिंत जाड, खिडकी छोटी आणि खोल. म्हणून खांद्यावरून सरळ उतरणारा चौकटीसारखा आकार, मुंढा गोल न कापता खाली ओघळलेला खांदा, काखेत चौबगला, गळा लहान आणि चौकोनी. कापडाचा पन्हा 36 इंच. त्याचे उभे दोन भाग केले की अठरा-अठरा इंचांचे पुढचा आणि पाठीचा असे तुकडे मिळतात. दोन्ही बाजूंना अर्धा इंच शिवण गेली की प्रत्येकी सतरा, दोन्ही मिळून चौतीस. 38 इंच छातीला आठ इंच ढिलाई धरली तर 46 इंच हवेत, म्हणजे बारा कमी पडतात. बगलेखाली सात इंच रुंदीच्या दोन पट्ट्या घातल्या की शिवण वजा जाता सहा-सहा इंच मिळतात आणि हिशेब पुरा होतो. पन्ह्याचा काठ तसाच राहतो आणि वाया जाणारं कापड चिंध्यांइतकंच. पट्ट्यांच्या उभ्या शिवणी अंगावर सांध्यांसारख्या दिसतात. बोर्डावरची चुन्याच्या सांध्यांची भिंत अशी मागाच्या हिशेबातून कपड्यात आली.

संग्रहातले कपडे आठ. कंबरेच्या हाडापर्यंतचं आखूड कुडतं कोऱ्या रंगात, बिनबाह्यांचं पोलकं लाल, पोटरीच्या मध्यावर येणारं लांब कुडतं हरड्याच्या फिक्या रंगात. खाली राखाडी सरळ विजार आणि मरून स्कर्ट, दोन्ही घोट्यापर्यंत. एक कोरा झगा पोटरीपर्यंत, एक राखाडी बिनअस्तराचं जाकीट आणि एक लाल मलमलीची ओढणी. तीन वरचे आणि दोन खालचे म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडी जाकिटासह किंवा जाकिटाशिवाय, म्हणजे बारा. झगाही तसाच दोन प्रकारे, म्हणून चौदा. हे आकडे सगळेच सांगतात, पण चौदाही जोड्या खरोखर अंगावर घालून पाहणारे थोडेच असतात. या पुस्तकात त्या मांजरपाटात शिवून पाहिल्या आहेत, आणि तिथेच दोन ठिकाणी अडलं.

पहिली अडचण रुंद विजारीची. चौकटी कुडत्याखाली सरळ रुंद पाय आले की माणूस वरपासून खालपर्यंत एक खोका दिसू लागला. बोर्डाशी इमान राखून सगळंच चौकोनी केल्याचा हा परिणाम. विजारीचा घेर गुडघ्यापासून थोडा आत घेतला आणि घोट्याचं हाड उघडं ठेवलं, तेव्हा वरच्या चौकटीला वजन आलं. दुसरी अडचण जाकिटाची. त्याची लांबी आखूड कुडत्यापेक्षा दोन इंचांनी कमी होती, आणि कुडत्याची कड खालून जराशी डोकावत होती. दोन इंच डोकावलेली कड चुकलेली वाटते. आठ इंच दिसणारी कड मुद्दाम ठेवलेली वाटते. यावरून संग्रहभर तीनच उंच्या ठरवल्या : कंबरेचं हाड, पोटरीचा मध्य, घोटा. प्रत्येक कपडा या तीनपैकी एका रेषेवर संपतो, त्यामुळे कुणावरही कुणी चढवलं तरी कडा एक तर एकावर एक येतात किंवा स्पष्टपणे दूर राहतात. नव्या माणसाने या पुस्तकातून एकच गोष्ट उचलायची असेल तर मी ही उचलायला सांगेन.

मांजरपाटावरच्या चाचणीला एक मर्यादा आहे आणि लेखिका ती लपवत नाही. मांजरपाट कडक असतं. त्यात उभा राहिलेला चौकटी खांदा धुऊन मऊ झालेल्या 120 ग्रॅमच्या कापडात थोडा खचतो, आणि मलमलीत तर पार लोळतो. म्हणून मांजरपाट धुऊन खळ काढून वापरावं, आणि शेवटची चाचणी खऱ्या कापडाच्या एका नगावर करावी. जाडी आणि घाट यांचं हे नातं समजलं की ‘हाच बेत, वेगळं कापड’ हे वाक्य किती धोक्याचं आहे ते कळतं.

एका बाबतीत माझं लेखिकेशी एकमत नाही. सर्व कपड्यांना बांधायला बाराबंदीसारखे बंदच हवेत, बटण एकही नको, असा तिचा आग्रह आहे. एकच तपशील सगळीकडे फिरवला की संग्रह बांधला जातो, हे खरं. पण विजारीला आणि रोजच्या जाकिटाला बंद गैरसोयीचे होतात, आणि गैरसोयीचा कपडा कपाटात राहतो. जुळणारं लाकडी बटण चाललं असतं असं मला वाटतं. शिवाय लांब कुडतं आणि झगा या दोहोंची सावली इतकी सारखी आहे की एकाच्या जागी काही वेगळं, कळ्यांचं आणि घेराचं, हवं होतं. संग्रह एकसंध करताना त्याचा गणवेश होऊ लागतो, ही या पद्धतीची खरी धोक्याची जागा आहे. ती ओळखायचा उपाय सोपा आहे. आठही कपड्यांच्या काळ्या भरीव सावल्या एका कागदावर शेजारी काढा. दोन सावल्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत तर त्यांतली एक जादा आहे.

आज या पुस्तकाची गरज का, हेही सांगायला हवं. स्वतःच्या नावाने दहा-वीस नगांचं काम सुरू करणारी मुलं-मुली आता पुण्या-मुंबईबाहेरही खूप दिसतात. त्यांना गिरणी कापड द्यायला तयार नसते, कारण एका रंगाची किमान मागणी त्यांच्या आवाक्याबाहेरची असते. हातमागावरही रंगीत ताणा बदलायचा म्हणजे नवा ताणा भरायचा, आणि तो काही चार मीटरसाठी भरत नाहीत. म्हणून ती दुकानातून सुटे तुकडे गोळा करतात, आणि संग्रह विस्कळीत होतो. एकच कोरं कापड तीन वजनांत घेऊन नंतर रंगवणं, हा या अडचणीवरचा प्रत्यक्ष मार्ग आहे. तोही निर्दोष नाही. वनस्पतिरंगाची प्रत्येक फेरी थोडी वेगळी येते, त्यामुळे एका कपड्याचे सगळे तुकडे एकाच फेरीतल्या कापडातून बेतावे लागतात आणि गिऱ्हाइकाला छटेतला फरक आधीच सांगावा लागतो. उन्हात वाळवलेला लाल हळूहळू उतरतो. रासायनिक रंगात काम करणाऱ्यालाही पद्धत तीच लागू पडते. द्रव्यं मोजकी ठेवा आणि त्यांच्या मिश्रणातून रंगसंच काढा.

पुस्तकात काय नाही हेही आधी माहीत असावं. विक्री, किंमत, छायाचित्रण, समाजमाध्यमं यांबद्दल यात काही सापडणार नाही. मापं घेणं आणि साधा कुडता बेतणं वाचकाला येतं असं गृहीत धरलं आहे. ज्यांना ते येत नाही त्यांनी आधी कुणा चांगल्या शिंप्याकडे बसावं. शिवणक्लास चालवणाऱ्या बायका, डिझाइनचे विद्यार्थी आणि छोटं काम उभं करू पाहणारे, अशा तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. आकृत्या सेंटीमीटरमध्ये असल्या तरी शेजारी इंचही दिले आहेत, कारण आपले मास्टर इंचांत बोलतात.

वाचकांना एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी जवळच्या दुकानातून मीटरभर कोरं हातमागाचं सुती कापड आणा. पन्हा मोजा, वजन करा, पन्नास सेंटीमीटरचा चौकोन कापून उकळा आणि पुन्हा मोजा. आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढची सगळी गणितं तुम्हाला त्या आकड्यांवर करायची आहेत, पुस्तकातल्या आकड्यांवर नाही.